तेलाच्या डब्यांचा फिफो: प्रत्येक बिलामागची मालाची किंमत कशी काढायची?

मीनल_इतवारी · सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. इतवारीत आमचं खाद्यतेलाचं ठोक दुकान आहे. सोयाबीन तेलाचे १५ किलोचे डबे कामठी, सावनेर, उमरेडकडच्या किराणावाल्यांना जातात. आमच्या सेल्समनला पगाराशिवाय कमिशन आहे आणि ते बिलाच्या नफ्यावर, म्हणजे नफ्याचे १० टक्के. त्यामुळे वर्षाचा एकूण नफा कळून माझं भागत नाही. प्रत्येक बिलात गेलेला माल आम्हाला कितीला पडला, ते कळायला हवं.

एप्रिलचे आकडे देते. १ तारखेला शिल्लक ४० डबे, भाव २,१५०. ५ तारखेला ६० डबे घेतले, २,२०० ने. १२ तारखेला १०० डबे, २,१२० ने. विक्री अशी: ७ तारखेला ७० डबे, १५ तारखेला ५०, २० तारखेला ४५.

१५ तारखेचे ५० डबे २,२६० ने गेले. सेल्समन म्हणतो, "ताई, आजची खरेदी २,१२०, डब्यामागे १४० सुटले, ७,००० नफा झाला." आमचे सीए म्हणतात की वह्या फिफोने आहेत, जुना माल आधी गेला असं धरा. मग त्या ५० डब्यांची किंमत नेमकी किती धरायची? आणि महिन्याला पन्नासेक बिलं असतात, ती हाताने करणं शक्य नाही. सोपा मार्ग आहे का?

हिंगणा_स्टोअर्स · सोमवार, रात्री १०.१५

सोपं आहे ताई, उगाच डोक्याला ताप करून नका घेऊ. आम्ही कारखान्यात असंच करतो. फिफोमध्ये शिल्लक माल नेहमी शेवटच्या खरेदीतला असतो. तुमची एकूण आवक २००, गेले १६५, उरले ३५. ते ३५ डबे शेवटच्या लॉटचे, म्हणजे ३५ × २,१२० = ७४,२००. शिल्लक धरून सगळ्या मालाची किंमत ४,३०,०००. वजा करा, विकलेल्या मालाची किंमत ३,५५,८०० आली. याला १६५ ने भागा, डबा पडला २,१५६ रुपये ३६ पैशांना. याच भावाने प्रत्येक बिल करा. काम खतम.

जुना_मुनीम · सोमवार, रात्री ११.०५

हिंगणावाले भाऊ, तुमचा ३,५५,८०० चा आकडा अगदी बरोबर आहे. पण त्याला १६५ ने भागलं की फिफो संपला आणि सरासरी सुरू झाली. महिन्याची बेरीज जुळेल, पण ताईंना हवं आहे बिलागणिक, आणि तिथे तुमच्या भावाने एकही बिल बरोबर येणार नाही.

मीनलताई, आधी हाताने कसं करायचं ते पाहा, मग यंत्राकडे जा. मी गांधीबागेत कापडाच्या पेढीवर कित्येक वर्षं हेच केलं. खरेदीच्या प्रत्येक लॉटसमोर एक कोरा रकाना ठेवायचा आणि त्यात पेन्सिलने "उरले किती" लिहायचं. विक्री झाली की सगळ्यात वरच्या, न संपलेल्या लॉटपासून खोडायला लागायचं.

७ तारखेला ७० डबे गेले. वरचा लॉट ४० चा, तो पूर्ण खोडला. अजून ३० हवेत, ते ५ तारखेच्या ६० मधून घेतले. त्या लॉटसमोर पेन्सिलने लिहिलं, उरले ३०. किंमत झाली ८६,००० अधिक ६६,०००, म्हणजे १,५२,०००.

आता १५ तारखेचे ५०. हिशेब कुठून सुरू होतो ते नीट पाहा. तो बाराच्या लॉटपासून सुरू होत नाही, त्या पेन्सिलच्या ३० पासून होतो. ३० डबे २,२०० ने म्हणजे ६६,०००. उरलेले २० डबे १२ तारखेच्या लॉटमधून, २,१२० ने, ४२,४००. बेरीज १,०८,४००. विक्री १,१३,०००, म्हणजे नफा ४,६००. सेल्समन ७,००० म्हणून राहिला, कारण त्याने ते महाग ३० डबे बघितलेच नाहीत.

२० तारखेचे ४५ सगळे एकाच लॉटचे, ९५,४००. तिन्हीची बेरीज करा, ३,५५,८०० येते. शेवटच्या लॉटसमोर पेन्सिलने ३५ उरतात. दोन्हीकडून जुळलं तरच पान उलटायचं.

गंजीपेठ_फार्मा · मंगळवार, सकाळी ८.२०

माझा एक मूलभूत प्रश्न. गोदामात पोट्टे समोरचा डबा उचलतात. नवीन माल समोर लागतो, जुना मागे दबून राहतो. मग प्रत्यक्षात नवा माल आधी गेला तर फिफो लिहिणं खोटं नाही का? आमच्याकडे औषधांत तर ज्याची एक्स्पायरी आधी तो माल आधी, मग तो नंतर का आलेला असेना. आमच्या बिलावर बॅच नंबर छापलेला असतो, त्यामुळे कोणता माल गेला हे पक्कं ठाऊक असतं. ताईंनी आधी गोदामाची शिस्त लावावी, मग हिशेब करावा असं माझं मत.

धंतोली_सीए · मंगळवार, सकाळी १०.४५

गंजीपेठ, तुम्ही सांगताय ती गोदामातली फिफो. ताईंचा प्रश्न वहीतल्या फिफोचा आहे. तेलाचे डबे एकसारखे असतात, एकाच्या जागी दुसरा दिला तरी गिऱ्हाइकाला फरक पडत नाही. अशा मालासाठी लेखा मानक २ फिफो किंवा भारित सरासरी, दोन्हींपैकी काहीही चालवतं. पोट्ट्याने कोणता डबा उचलला यावर ते अवलंबून नाही. प्राप्तिकराच्या आयसीडीएस २ मध्येही हेच दोन मार्ग आहेत, आणि एकदा घेतलेली पद्धत सबळ कारणाशिवाय बदलता येत नाही. शेवटचा आलेला आधी गेला, असं धरणं दोन्हीकडे चालत नाही. सेल्समनचं गणित जवळपास तसंच आहे, म्हणून वहीत ते घेता यायचं नाही.

तुमच्या औषधांचं मात्र वेगळं आहे. बॅच प्रत्येक बिलावर असेल तर त्याच बॅचचा खरेदीभाव लावावा, असा एक विचार आहे. दुसरा विचार असा की तीच गोळी दोन बॅचमध्ये असली तरी माल एकसारखाच, म्हणून फिफो. व्यवहारात मी दोन्ही प्रकार पाहिलेत. यावर स्वतंत्र धागा काढा, इथे ताईंचा प्रश्न मागे पडेल.

हिंगणा, तुमचा एकूण आकडा जुळला यामागे कारण आहे. फिफो रोज लावा की महिनाअखेर एकदाच लावा, उत्तर एकच येतं, कारण रांग तीच राहते. सरासरीचं तसं नाही. प्रत्येक खरेदीनंतर सरासरी काढली तर १५ तारखेचं बिल १,०६,६९२ येतं, तुमच्या महिन्याच्या भावाने १,०७,८१८ येतं.

सीताबर्डी_शीट · मंगळवार, दुपारी १.३०

मुनीमकाकांचा पेन्सिलचा रकाना एक्सेलमध्ये आणायला गेलो की सूत्र लांबत जातं आणि चुकतं. त्यापेक्षा दुसरीकडून या. "या बिलात कोणते लॉट गेले" हे विचारायचंच नाही. विचारायचं, "आजपर्यंत गेलेल्या पहिल्या इतक्या डब्यांची एकूण किंमत किती?" आजची एकूण वजा मागच्या बिलापर्यंतची एकूण, म्हणजे या बिलाची किंमत. एवढंच.

आणि एकूण किंमत काढायची ती प्राप्तिकराच्या स्लॅबसारखी. पहिले ४० डबे एका दराने, ४० च्या पुढचे दुसऱ्या दराने, १०० च्या पुढचे तिसऱ्या. प्रत्येक टप्प्यावर दर किती वाढला किंवा घटला, तेवढाच फरक पुढच्या डब्यांना लावत जायचा.

खरेदी A ते E मध्ये: तारीख, डबे, भाव, या लॉटच्या आधी आलेले एकूण डबे, आणि मागच्या लॉटपेक्षा भावातला फरक. विक्री G ते K मध्ये: तारीख, डबे, आजवर गेलेले एकूण, आजवरची एकूण किंमत, या बिलाची किंमत. पहिली ओळ मथळ्यांची.

```
D2: 0
D3: =D2+B2
E2: =C2
E3: =C3-C2
I2: =SUM(H$2:H2)
J2: =SUMPRODUCT((I2>D$2:D$4)*(I2-D$2:D$4)*E$2:E$4)
K2: =J2-N(J1)
```

D3, E3 आणि पूर्ण दुसरी विक्री ओळ खाली ओढा. १५ तारखेला I मध्ये १२० येईल. १२० × २,१५० म्हणजे २,५८,०००. ४० च्या पुढचे ८० डबे, प्रत्येकी ५० जास्त, म्हणून ४,००० अधिक. १०० च्या पुढचे २० डबे, प्रत्येकी ८० कमी, म्हणून १,६०० वजा. एकूण २,६०,४००. त्यातून ७ तारखेपर्यंतचे १,५२,००० गेले, राहिले १,०८,४००. मुनीमकाकांचाच आकडा.

दोन ठिकाणी जपा. एक, हे सूत्र तारीख बघत नाही, फक्त रांग बघतं. आलेल्यापेक्षा जास्त डबे विकलेले दाखवले तरी ते कुरकुर करणार नाही, शेवटच्या लॉटच्या भावाने मुकाट्याने आकडा देईल. म्हणून L मध्ये एक राखणदार बसवा. FALSE आलं की त्या तारखेपर्यंत वहीत तेवढा माल आलेलाच नाही, म्हणजे खरेदीचं एखादं बिल चढवायचं राहिलंय.

```
L2: =SUMIFS(B:B,A:A,"<="&G2)>=I2
```

दोन, प्रत्येक मालाला वेगळी शीट ठेवा. सोयाबीन आणि शेंगदाणा तेल एकाच रांगेत आले की सगळं गेलं.

मीनल_इतवारी · मंगळवार, रात्री ९.१०

सीताबर्डी दादा, तिन्ही बिलं पैशापर्यंत जुळली! काका, तुमच्या पेन्सिलच्या रकान्यामुळे मला आधी गोष्ट समजली, मग सूत्र समजलं. मनापासून आभार.

पण आज नवंच निघालं. गोदामात डबे मोजले, ८५ भरले. वहीत ३५. पन्नास डब्यांचा फरक कसा म्हणून चलानं काढली. ६ तारखेला एका पार्टीकडून ५० डबे आले होते, चलान आहे, पण पक्कं बिल आज हातात पडलं. भाव २,१८०. L मध्ये सगळीकडे TRUE होतं, त्यामुळे शीटने काहीच सांगितलं नाही.

आता हा लॉट शेवटी टाकू की ६ तारखेला? आणि कमिशन तर १५ आणि २० च्या बिलांवर देऊन झालंय.

जुना_मुनीम · मंगळवार, रात्री १०.००

माल ६ ला आला, तर रांगेत जागा ६ ची. बिल कधी पोचलं याला काही अर्थ नाही. पेन्सिल घ्या आणि पुन्हा खोडा.

७ तारखेचं बिल तसंच राहतं, कारण त्याला लागणारे ७० डबे आधीच्या दोन लॉटमधूनच भागतात. फरक पडतो तो पुढे. १५ ला ३० डबे २,२०० चे तेच, पण पुढचे २० आता २,१८० चे. किंमत १,०९,६००, म्हणजे १,२०० वाढले. २० तारखेला या नव्या लॉटचे उरलेले ३० आणि मग १२ तारखेचे १५, मिळून ९७,२००. इथे १,८०० वाढले.

शिल्लक ८५, सगळे १२ तारखेच्या लॉटचे, १,८०,२००. एकूण माल ५,३९,०००, विकलेला ३,५८,८००. वजा करून बघा, जुळतं.

वहीतले डबे कमी आणि गोदामात जास्त, असं दिसलं की पहिला संशय चढवायच्या राहिलेल्या खरेदीवर घ्यायचा, चोरीचा विचार नंतर. उलट असेल तर विक्रीची चिठ्ठी राहिली का ते बघायचं. शीटमधला राखणदार विक्री जास्त झाली तरच ओरडतो. राहिलेली खरेदी फक्त मोजणीत सापडते, म्हणून महिन्यातून एकदा डबे मोजाच.

सीताबर्डी_शीट · मंगळवार, रात्री १०.२५

ताई, मधे ओळ घुसवताना सांभाळा, इथे बहुतेक जण घसरतात. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मधे नवी ओळ टाकली की १२ तारखेचा लॉट खाली पाचव्या ओळीत जातो, पण त्याचं D चं सूत्र अजून `=D3+B3` च राहतं. नव्या लॉटकडे ते पाहतच नाही. E चंही तेच. मग एकूण किंमत ३,५८,८०० ऐवजी ३,५४,५०० येते, ४,३०० कमी. आकडा दिसायला ठीकठाक असतो, त्यामुळे शंकाही येत नाही. ओळ टाकली की D आणि E वरून पुन्हा खाली ओढा, आणि J मधली D$2:D$4 ची हद्द D$2:D$5 झाली का, E ची झाली का, ते वाचून बघा. मग कुठेतरी हे लिहून ठेवा. FALSE आलं तर रांग तुटली आहे.

```
=D5+B5=SUM(B2:B5)
```

उमरेड_रोड · बुधवार, सकाळी ७.५०

मी स्वतः एका एजन्सीत सेल्समन आहे, म्हणून लिहितो. हिशेब तुमचा बरोबर असेल, पण ज्याचं कमिशन आहे त्याच्या बाजूने बघा. १५ तारखेला मी दुकानदाराशी भाव करून माल विकला. दुकानाने महाग माल कधी घेतला होता हे माझ्या हातात होतं का? बाजार पडला की माझं कमिशन घटतं, आणि आता एक बिल उशिरा आलं म्हणून मिळालेल्या कमिशनमधून परत कापणार? १५ चा नफा ४,६०० वरून ३,४०० झाला, म्हणजे माझे १२० रुपये गेले. २० चे १८०. रक्कम लहान आहे, पण असं दर महिन्याला झालं तर माणूस टिकत नाही.

धंतोली_सीए · बुधवार, सकाळी ११.१५

उमरेड रोड, तुमचा मुद्दा वजनदार आहे, आणि त्याला दुसरी बाजूही आहे. बाजार चढत असेल तेव्हा फिफोमध्ये जुना स्वस्त माल आधी जातो, नफा फुगतो आणि सेल्समनला काहीही न करता जास्त कमिशन मिळतं. तेव्हा कोणी तक्रार करत नाही.

मीनलताई, माझ्या मते दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. वही फिफोने चालू द्या, आणि उशिरा आलेला लॉट त्याच्या तारखेला टाकून पुढची सगळी बिलं पुन्हा काढा. एप्रिल अजून उघडा आहे, त्यामुळे अडचण नाही. वर्ष बंद होऊन हिशेब सही झाल्यावर असं सापडलं असतं तर मात्र मागे जाऊन आकडे बदलता आले नसते. कमिशनसाठी वेगळा भाव ठरवा. बिलाच्या दिवशी वहीत जो फिफोचा आकडा होता तो गोठवा, किंवा दर सोमवारी एक पायाभूत भाव जाहीर करा. सेल्समनशी आधी लेखी ठरलं की वाद राहत नाही.

जुना_मुनीम · बुधवार, दुपारी १२.४०

सीए साहेब, इथे मी तुमच्याशी सहमत नाही. कमिशनचा भाव वेगळा आणि वहीचा वेगळा झाला की वर्षाअखेर मालक विचारतो, नफा इतका कमी आणि कमिशन इतकं जास्त कसं? एकच भाव ठेवा. बदल झाला तर पुढच्या महिन्यात अधिक-उणे करा. पेढीवर आम्ही तसंच करत होतो.

हिंगणा_स्टोअर्स · बुधवार, दुपारी २.०५

मला सरासरीची चूक कळली, बरं झालं. एक विचारतो. २,१२० हा बिलातला भाव आहे की गाडीभाडं आणि हमाली धरून? आमच्याकडे भाड्याचं बिल वेगळं येतं आणि ते थेट खर्चात टाकतात.

धंतोली_सीए · बुधवार, दुपारी ३.२०

दुकानात माल येईपर्यंतचं भाडं आणि हमाली त्या लॉटच्या किमतीत जायला हवी. १०० डब्यांच्या गाडीला १,५०० लागले तर डब्यामागे १५, म्हणजे २,१२० चा डबा २,१३५ ला पडला. मालावर मिळालेली सूट त्यातून वजा. गिऱ्हाइकाकडे पोचवायचं भाडं मात्र विक्रीचा खर्च, ते लॉटमध्ये नाही. जीएसटीचं क्रेडिट मिळत असेल तर वहीच्या भावात तो कर धरायचा नाही. कंपोझिशनमध्ये असाल तर क्रेडिट मिळत नाही, मग तेलावरचा ५ टक्के कर मालाच्या किमतीतच येतो.

मीनल_इतवारी · बुधवार, रात्री ९.३०

आमचे भाव भाडं-हमाली धरूनच आहेत, जीएसटी सोडून. आज लॉट ६ तारखेला टाकला, D आणि E पुन्हा ओढले, ३,५८,८०० आणि १,८०,२०० दोन्ही जुळले. कमिशनबद्दल घरी बोलणं झालं. एप्रिलचं दिलेलं कापायचं नाही असं ठरलं. मे पासून सोमवारच्या भावाने द्यायचं की काकांच्या पद्धतीने, ते सेल्समनशी बसून ठरवू.

आता शेवटचं. १५ तारखेच्या गिऱ्हाइकाने ५ डबे गळके म्हणून परत केले. आम्ही ते तपासले, तीन चांगले आहेत, फक्त बाहेरून तेल लागलेलं होतं. ते तीन कोणत्या भावाने परत घ्यायचे?

सीताबर्डी_शीट · बुधवार, रात्री ९.५५

विक्रीच्या यादीत खाली उणे ३ टाका. एकूण गेलेले १६५ चे १६२ होतात आणि सूत्र ३ × २,१२० म्हणजे ६,३६० आपोआप परत देतं.

जुना_मुनीम · बुधवार, रात्री १०.३०

चालेल, पण यात ते डबे २० तारखेच्या बिलातून परत आल्यासारखे होतात. गेले होते १५ च्या बिलात, आणि त्या बिलाचे शेवटचे डबे २,१८० चे होते. मी तिथून परत घेईन, ३ × २,१८० म्हणजे ६,५४०, आणि रांगेत सगळ्यात पुढे उभे करीन, म्हणजे पुढच्या विक्रीत ते आधी जातील. काही जण त्या बिलाची सरासरी लावतात, २,१९२. फक्त विक्रीच्या भावाने, २,२६० ने, नवीन लॉट म्हणून चढवू नका. तसं केलं की न कमावलेला नफा शिलकी मालात जाऊन बसतो.

धंतोली_सीए · गुरुवार, सकाळी १०.१०

तिन्हींपैकी जी घ्याल ती वर्षभर तीच ठेवा. मला मुनीमकाकांची पटते, कारण परतीचं बिल मूळ बिलाशी जोडलेलं राहतं. शीटमध्ये मात्र ती बसवायला सीताबर्डींना थोडं डोकं लावावं लागेल. आणि जे दोन डबे खरंच गळके निघाले, ते चांगल्या डब्यांच्या भावाने शिलकीत धरू नका. विकून जे येईल तेवढीच त्यांची किंमत.

सीताबर्डी_शीट · गुरुवार, दुपारी १२.१५

रांगेत पुढे उभं करायचं तर D आणि E ची सगळी मांडणी हलते. परतीचे डबे त्यांच्याच भावाने वेगळ्या छोट्या रांगेत ठेवून, ती संपेपर्यंत तिथून उचलायचं, असं काहीतरी जमेल. शनिवारी करून बघतो आणि इथेच टाकतो. ताई, तोपर्यंत ते तीन डबे विकले गेले तर बिलावर खूण करून ठेवा.